जुगाऱ्याचं दिवाळं: डी मॉयव्हरच्या नाण्यांपासून पुढे

तीन फासे, दोन खेळाडू, प्रत्येकाकडे बारा नाणी. फाशांची बेरीज १४ आली की पहिला दुसऱ्याकडून एक नाणं घेतो, ११ आली की दुसरा पहिल्याकडून एक घेतो. दुसरी कोणतीही बेरीज आली तर देणंघेणं नाही, पुन्हा फासे टाकायचे. ज्याची नाणी संपतील त्याचं दिवाळं. दोघांच्या जिंकण्याच्या शक्यतांचं गुणोत्तर किती?

हा प्रश्न ब्लेझ पास्कलने फर्माला घातला, १६५६ साली कार्कावीच्या पत्रातून तो ख्रिस्तियान हायगेन्सकडे पोचला आणि १६५७ मध्ये हायगेन्सने संभाव्यतेवरच्या आपल्या छोट्या पुस्तकाच्या अखेरीस वाचकांसाठी ठेवलेल्या पाच प्रश्नांमधला पाचवा म्हणून छापला. उत्तर त्याने दिलं, रीत दिली नाही. उत्तर असं: २४,४१,४०,६२५ ला २,८२,४२,९५,३६,४८१.

एम.एस्सी.ला स्टोकॅस्टिक प्रोसेसेस शिकवताना मी दरवर्षी या दोन आकड्यांपासून सुरुवात करतो. ते फळ्यावर लिहिले की वर्गात कुणीतरी भागाकार करून पाहतं आणि दुसऱ्याची बाजू जवळजवळ ११५७ पट भारी निघते. तीन फाशांत १४ बेरीज १५ प्रकारांनी येते, ११ बेरीज २७ प्रकारांनी. म्हणजे एकेका नाण्याच्या देवघेवीत बाजू फक्त ५ ला ९ अशी आहे, दुपटीहूनही कमी. ती बारा नाण्यांच्या खेळात १ ला ११५७ कशी होते, हाच या सगळ्या विषयाचा गाभा आहे. आणि त्याचं उत्तर आपल्या अभ्यासक्रमात ज्या वाटेने दिलं जातं ती वाट मला अपुरी वाटते. या आढाव्यात मला दुसरी वाट धरायची आहे. ती अब्राहम डी मॉयव्हरने १७११ साली दाखवली, आणि पुढच्या तीनशे वर्षांत या प्रश्नातून जे जे निघालं ते बहुतेक तिच्यावरच सापडतं.

नाण्यांची चळत

डी मॉयव्हर हा फ्रान्समधून परागंदा होऊन लंडनमध्ये शिकवण्या करून राहणारा गणिती. त्याची युक्ती अशी. खेळाडूंनी आपापली नाणी चळतीत रचायची, देताना वरचं नाणं द्यायचं आणि मिळालेलं नाणं वर ठेवायचं. आता नाण्यांना खोट्या किमती लावायच्या. पहिल्या खेळाडूच्या तळाच्या नाण्याची किंमत ९/५, त्यावरच्याची (९/५) चा वर्ग, त्यावरच्याची घन, असं करत सर्वांत वरच्या बाराव्याची (९/५) चा बारावा घात. दुसऱ्याच्या चळतीत हाच क्रम वरून खाली चालू ठेवायचा: वरच्या नाण्याची किंमत तेरावा घात, तळाच्याची चोविसावा.

आता एका देवघेवीकडे पाहा. पहिला खेळाडू आपलं वरचं नाणं पणाला लावतो, दुसरा त्याचं. दुसऱ्याच्या नाण्याची किंमत नेहमी पहिल्याच्या नाण्याच्या ९/५ पट असते. कोणी कितीही नाणी जिंकली तरी हे बदलत नाही, कारण चळतीचा क्रम मोडत नाही. पहिला जिंकण्याची शक्यता ५/१४, हरण्याची ९/१४. जिंकला तर त्याला ९/५ पट मिळतं, हरला तर एक पट जातं. ५/१४ ला ९/५ ने गुणलं की ९/१४ येतात. नफ्यातोट्याची सरासरी शून्य. नाण्यांच्या दृष्टीने एकतर्फी असलेला खेळ या खोट्या किमतींच्या दृष्टीने अगदी न्याय्य झाला.

न्याय्य खेळात शेवटपर्यंत सरासरी नफा शून्यच राहतो. म्हणून पहिल्याची जिंकण्याची शक्यता गुणिले दुसऱ्याच्या सगळ्या चळतीची किंमत, बरोबर दुसऱ्याची जिंकण्याची शक्यता गुणिले पहिल्याच्या चळतीची किंमत. दुसऱ्याची चळत पहिल्याच्या चळतीच्या (९/५) चा बारावा घात इतकी पट भारी आहे, कारण तिच्यातलं एकेक नाणं बारा पायऱ्या पुढचं आहे. झालं उत्तर: ५ चा बारावा घात ला ९ चा बारावा घात. हायगेन्सचे आकडे तेच आहेत, गुणून पाहावेत.

सर्वसाधारण रूप यातूनच मिळतं. एका डावात जिंकण्याची शक्यता p, हरण्याची q, आणि r म्हणजे q/p. आपल्याकडे i नाणी, दोघांची मिळून N. आपल्या चळतीची किंमत भूमितीश्रेणीची बेरीज आहे, एकूण किंमतही तशीच, आणि न्याय्य खेळात जिंकण्याची शक्यता म्हणजे एकूण किमतीतला आपला वाटा:

```
P(N गाठणे | सुरुवात i) = (r^i - 1) / (r^N - 1),   r = q/p
r = 1 असल्यास                = i / N
```

r = 1 चं उत्तर लक्षात ठेवावं लागत नाही. p आणि q समान असतील तर सगळ्या नाण्यांच्या किमती समान, म्हणून वाटा i/N.

अभ्यासक्रमातली रूढ वाट वेगळी आहे. पहिल्या पावलावर अट लावायची: i वरून जिंकण्याची शक्यता h(i) = p·h(i+1) + q·h(i-1), कडांवर h(0) = 0 आणि h(N) = 1. मग सहायक समीकरण, त्याची मुळं १ आणि q/p, दोन स्थिरांक, दोन सीमाअटी. उत्तर बरोबरच येतं. पण विद्यार्थी ते भूमितीतल्या एखाद्या सिद्धतेसारखं पाठ करतात आणि परीक्षेत p/q आणि q/p यांची अदलाबदल करतात. p = १/२ ला दोन्ही मुळं एकच होतात हे विसरून ०/० लिहिलेल्या उत्तरपत्रिका तर मी कितीतरी तपासल्या आहेत. अदलाबदल पकडायला सोपी खूण आहे: p वाढवला की जिंकण्याची शक्यता वाढलीच पाहिजे. p जवळपास १ ठेवून पाहा, उत्तर १ कडे जात नसेल तर गुणोत्तर उलटं आहे.

खरं तर पहिल्या पावलाचं समीकरणही आतून डी मॉयव्हरचंच आहे. त्याची फेरमांडणी केली तर h(i+1) − h(i) हा फरक आधीच्या फरकाच्या q/p पट निघतो. हे फरक म्हणजेच नाण्यांच्या किमती. एकेका नाण्यामागे जिंकण्याची शक्यता किती वाढते, ते त्या नाण्याचं मोल. मी आता दोन्ही वाटा शिकवतो, पण चळत आधी आणि समीकरण मागून.

हायगेन्सच्या खेळात आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. २१६ पैकी १७४ वेळा काहीच घडत नाही. या रिकाम्या टाकण्यांचा दिवाळ्याच्या शक्यतेवर कणभरही परिणाम नाही, कारण कोण जिंकणार ते फक्त देवघेव झालेल्या टाकण्यांवर ठरतं. वेळेवर मात्र मोठा परिणाम आहे. सरासरी सुमारे ४२ देवघेवींत खेळ संपतो, पण त्या ४२ घडायला सरासरी २१६ च्या आसपास वेळा फासे टाकावे लागतात. शक्यता आणि वेळ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. विद्यार्थी ते एकमेकांत मिसळतात, तेव्हा हे उदाहरण कामी येतं.

न्याय्य खेळ, आणि न संपणारा प्रतिस्पर्धी

१९०५ साली कार्ल पिअर्सन यांनी ‘नेचर’मध्ये एक छोटं पत्र छापून विचारलं की दर पावलाला दिशा बदलणारा माणूस n पावलांनी सुरुवातीपासून किती अंतरावर असेल. ‘रँडम वॉक’ हे नाव तिथून रुळलं. मराठीत आपण यादृच्छिक चाल म्हणतो. जुगाऱ्याच्या हातातली रक्कम ही अशीच एका रेषेवरची चाल आहे, फक्त शून्यावर आणि N वर भिंती आहेत. भिंती काढल्या तर काय होतं हा प्रश्न जॉर्ज पोल्या यांनी १९२१ मध्ये सोडवला: एका आणि दोन मितींत चाल सुरुवातीच्या जागी परतणार हे नक्की, तीन मितींत ती परतण्याची शक्यता जेमतेम ३४ टक्के. आपल्याला एकच मिती पुरे आहे.

न्याय्य खेळ घ्या. तुमच्याकडे १० रुपये, समोरच्याकडे ९९०, एकेक रुपयाचे डाव. तुम्ही जिंकण्याची शक्यता १०/१०००, म्हणजे एक टक्का. हे ऐकून लोकांना अन्याय झाल्यासारखं वाटतं, पण तो झालेला नाही. एक टक्का वेळा तुम्ही ९९० रुपये कमावता, नव्याण्णव टक्के वेळा १० गमावता. दोन्ही ९.९०, हिशेब बरोबर जुळतो. या खेळाची सरासरी लांबी i(N − i), म्हणजे १० गुणिले ९९० = ९९०० डाव.

आता समोरच्याची थैली अमर्याद करा, कॅसिनोची असते तशी. N वाढत गेला की i/N शून्याकडे जातो. न्याय्य खेळातही दिवाळं निश्चित. पण i(N − i) ही सरासरी वेळ अनंताकडे जाते. दिवाळं निश्चित आहे आणि त्याला लागणारा सरासरी काळ अनंत आहे, या दोन वाक्यांपाशी वर्ग दरवर्षी थबकतो. थबकावं असंच ते आहे.

याच ठिकाणी डी मॉयव्हरची युक्ती तुटलेली दिसते, आणि कुठे तुटते ते शिकणं हा माझ्या मते या पाठाचा सर्वांत मोलाचा भाग आहे. न्याय्य खेळात सरासरी नफा शून्य राहतो असं आपण म्हटलं. पण अमर्याद थैलीसमोर एका रुपयाने बसलेला माणूस शेवटी नक्की शून्यावर येतो. त्याचा सरासरी नफा उणे एक आहे, शून्य नाही. मग तो रुपया गेला कुठे? मर्यादित N चा हिशेब पुन्हा पाहा. जिंकण्याची शक्यता १/N, जिंकल्यावर हातात N रुपये, गुणाकार नेहमी १. N वाढेल तशी शक्यता विरळ होत जाते पण गुणाकार एकच राहतो. N अनंत झाला की ती विरळ शक्यता शून्य होते, आणि तिने धरून ठेवलेला रुपया तिच्याबरोबर हिशेबातून निसटतो. म्हणून मार्टिंगेलचं थांबण्याचं प्रमेय वापरताना अट लागते: खेळ थांबेपर्यंत रक्कम एखाद्या ठरावीक मर्यादेतच राहणार याची खात्री, किंवा सरासरी वेळ मर्यादित आणि एकेक पाऊल मर्यादित. दोन भिंती असतील तर रक्कम ० आणि N यांच्यामध्ये अडकलेली असते आणि काळजी नसते. एक भिंत काढली की अट तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. उत्तरपत्रिकेत फक्त ‘थांबण्याच्या प्रमेयाने’ असं लिहिलं असेल तर मी अर्धेच गुण देतो.

खेळ एकतर्फी असेल तर अमर्याद थैलीचं उत्तर सूत्रातून लगेच मिळतं. p हा q पेक्षा मोठा असेल तर r एकपेक्षा लहान, N अनंताकडे गेला की दिवाळ्याची शक्यता r चा i वा घात. p लहान किंवा समान असेल तर दिवाळं निश्चित.

संगणकावर हे दिसतं का?

अलीकडे प्रात्यक्षिकात हा खेळ संगणकावर खेळून पाहतात, आणि अनंत सरासरी काळाची इथे खरी गंमत कळते. प्रोग्रॅम कायमचा चालू राहू नये म्हणून कुठेतरी मर्यादा घालावी लागते:

```python
import random

def daav(i, maryada):
    t = 0
    while i > 0 and t < maryada:
        i += random.choice((1, -1))
        t += 1
    return t
```

एका रुपयाने सुरुवात करून `daav(1, 10000)` हजार वेळा चालवा आणि सरासरी काढा. उत्तर १६० च्या आसपास येतं. विद्यार्थी वहीत लिहितो: दिवाळ्याला सरासरी १६० डाव लागतात. हे चूक आहे. दहा हजार डावांनंतरही सुमारे ०.८ टक्के खेळाडू तगलेले असतात, हजारात आठ. त्यांचा खरा काळ प्रोग्रॅमने पाहिलाच नाही, तिथे कात्री लावली. मर्यादा दहा लाख केली की तगणारे ०.०८ टक्क्यांवर येतात, पण सरासरी १६० वरून साधारण १६०० वर जाते. मर्यादा शंभरपट, सरासरी दहापट. n डावांनंतर तगण्याची शक्यता n च्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात कमी होते. त्या संथ उताराचा हा परिणाम आहे.

म्हणून माझा नियम: सरासरी काळ काढताना मर्यादा बदलून दोनदा चालवा. सरासरी मर्यादेबरोबर सरकत असेल तर ती सरासरी नाही, तुमच्या मर्यादेचं प्रतिबिंब आहे. दुसरी खूण अशी की दहा लाखांच्या मर्यादेवर हजार खेळांची सरासरी एका वेळी एक, दुसऱ्या वेळी भलतीच येते. तगून राहिलेला एखादाच खेळाडू सगळ्या बेरजेवर बसतो. अशा वेळी सरासरीऐवजी मध्यक किंवा ‘शंभर डावांच्या आत किती संपले’ हे प्रमाण सांगणं प्रामाणिक ठरतं.

सूत्रातून उत्तर काढतानाही एक खड्डा आहे. r एकच्या अगदी जवळ असेल तर r^i − 1 ही वजाबाकी जवळजवळ समान संख्यांची होते आणि अंक नष्ट होतात. N फार मोठा असेल तर r^N संगणकाच्या आवाक्याबाहेर जातो आणि उत्तराच्या जागी `OverflowError` येतो. पहिल्यावर उपाय म्हणून `math.expm1(i*math.log(r))` वापरावं. दुसऱ्यासाठी r मोठा असताना वरखाली r^N ने भागून उणे घातांकांत लिहावं.

पैज किती रुपयांची

या विषयातला एक परिणाम मला सर्वांत उपयोगी वाटतो, आणि पाठ्यपुस्तकात तो बहुधा एखाद्या उदाहरणसंग्रहात ढकललेला असतो. एकच शून्य असलेल्या रूलेटच्या चक्रावर ३७ घरं असतात, लाल १८. लालवर पैसे लावले तर p = १८/३७, q = १९/३७. फरक फक्त एका सदतिसांशाचा. पन्नास रुपये घेऊन बसलो आणि शंभर झाले की उठायचं.

एकेक रुपया लावला तर r = १९/१८ आणि जिंकण्याची शक्यता १ भागिले १ + (१९/१८) चा पन्नासावा घात. तो घात १४.९३ च्या आसपास आहे, म्हणजे शक्यता ६.३ टक्के. दहा-दहा रुपये लावले तर पन्नास रुपये म्हणजे पाचच नाणी. घात पाचवा, शक्यता ४३.३ टक्के. पन्नासच्या पन्नास एका डावात लावले तर ४८.६ टक्के.

जपून खेळणारा जास्त हरतो, हे पहिल्यांदा ऐकताना उलटं वाटतं. नाण्यांच्या किमतींत पाहिलं की सरळ होतं: लहान नाणी म्हणजे उंच चळत, आणि चळतीच्या प्रत्येक पायरीला समोरच्याचं पारडं १९/१८ पट जड होतं. पैशांच्या हिशेबातही ते दिसतं. लावलेल्या प्रत्येक रुपयामागे सरासरी एक सदतिसांश रुपया चक्राकडे जातो. एकेक रुपयाचा खेळ सरासरी १६१८ डाव चालतो. १६१८ भागिले ३७ म्हणजे ४३.७ रुपये गेले, सरासरी ६.३ उरले. हे ६.३ म्हणजेच शंभर गुणिले ६.३ टक्के. दोन वाटांनी काढलेलं उत्तर असं जुळवून पाहण्याची सवय विद्यार्थ्यांना लागावी म्हणून मी हे दोन्ही हिशेब शेजारी शेजारी करायला लावतो.

लेस्टर ड्युबिन्स आणि लिओनार्ड सॅव्हेज यांनी १९६५ च्या आपल्या पुस्तकात सिद्ध केलं की अशा तोट्याच्या खेळात दर वेळी शक्य तितकं लावणं, म्हणजे सगळे किंवा लक्ष्याला कमी पडतील तेवढे, याहून चांगली नीती नाही. ही नीतीही पन्नासवरून शंभर गाठण्याची शक्यता ५० टक्क्यांपर्यंत नेऊ शकत नाही, कारण तसं झालं तर अखेरची सरासरी रक्कम सुरुवातीच्या पन्नासांइतकी होईल आणि तोट्याच्या खेळात ते अशक्य आहे. फायद्याच्या खेळात सगळं उलट: तिथे पैज लहान ठेवावी, म्हणजे चळत उंच होते आणि दिवाळ्याची शक्यता घातांकाने खाली येते.

वाल्ड यांची दोन भिंतींची चाचणी

दुसऱ्या महायुद्धात न्यूयॉर्कमध्ये अब्राहम वाल्ड यांनी मालाच्या तपासणीसाठी एक पद्धत बांधली. १९४५ मध्ये ती प्रसिद्ध झाली. आधीच नमुना किती घ्यायचा हे ठरवण्याऐवजी एकेक नग तपासत जायचं आणि पुरावा एका भिंतीला लागला की थांबायचं. (वाल्ड आणि त्यांची पत्नी १९५० च्या डिसेंबरमध्ये भारतभेटीवर असताना निलगिरीत विमान कोसळून गेले. संख्याशास्त्राच्या वर्गात हे मला सांगावंसं वाटतं.) या पद्धतीचं सर्वांत सोपं उदाहरण म्हणजे जुगाऱ्याचं दिवाळंच.

समजा एक नाणं आहे. छापा पडण्याची शक्यता एकतर ०.४५ आहे किंवा ०.५५, आणि यांतलं कोणतं हे ठरवायचं आहे. नाणं टाकत जा, छापे वजा काटे मोजा, फरक +१५ झाला तर ०.५५ म्हणा, −१५ झाला तर ०.४५. चुकण्याची शक्यता किती? नाणं खरोखर ०.४५ चं असेल तर r = ११/९, चुकणं म्हणजे वरची भिंत आधी लागणं, शक्यता १ भागिले १ + (११/९) चा पंधरावा घात. उत्तर ४.७ टक्के. सरासरी टाकण्या सुमारे १३६. आता जुन्या पद्धतीने, आधी संख्या ठरवून बहुमताने निकाल द्यायचा म्हटलं तर तेवढीच चूक ठेवायला पावणेतीनशेहून थोड्या जास्त टाकण्या लागतात. काम निम्म्यावर आलं. अर्थात १३६ ही सरासरी आहे, एखाद वेळी तीनशेही लागतील, आणि नाणं खरं म्हणजे ०.५० चं निघालं तर सरासरी १५ चा वर्ग, २२५ टाकण्या लागतील. दोन्ही पर्याय चुकीचे असण्याची किंमत इथे वेळेत मोजली जाते.

वाल्ड ज्याच्यावर नजर ठेवतात ते संभाव्यतांचं गुणोत्तर म्हणजे (०.५५/०.४५) चा (छापे − काटे) वा घात. ही (११/९) च्या घातांची मालिका आपण आधी पाहिली आहे. ती डी मॉयव्हरच्या नाण्यांच्या किमतींचीच आहे. १७११ मध्ये जी खोटी किंमत होती तिला संख्याशास्त्रज्ञाने पुराव्याचं वजन म्हटलं.

पावलं एकसारखी नसतील तर

इथवर प्रत्येक पाऊल एकाच मापाचं होतं. खऱ्या प्रश्नांत ते नसतं, आणि रूढ सूत्र तिथे निमूटपणे चुकीचं उत्तर देतं. एक उदाहरण पूर्ण करून पाहू. चौथ्या हिश्शाच्या शक्यतेने २ रुपये मिळतात, उरलेल्या वेळी १ रुपया जातो. सरासरी तोटा पाव रुपया. ५ रुपयांनी सुरुवात, १० किंवा त्याहून जास्त झाले की उठायचं.

q/p म्हणजे ३ घेऊन सूत्रात घालणारे विद्यार्थी असतात. उत्तर ०.४ टक्के येतं आणि ते साफ चूक आहे. योग्य r असा शोधायचा की r च्या (रक्कम) घाताची सरासरी एका डावात बदलू नये:

```
(1/4) r^2 + (3/4) r^(-1) = 1
r^3 - 4r + 3 = 0
(r - 1)(r^2 + r - 3) = 0
r = (-1 + sqrt(13)) / 2 = 1.3028
```

१ हे मूळ नेहमीच असतं आणि ते काही सांगत नाही, हवं ते दुसरं. ऋण मूळही आहे, पण त्याचे घात चिन्ह बदलत राहतात, किमती म्हणून ते चालत नाही. आता रक्कम १० वर थांबेल किंवा ९ वरून उडी मारून ११ वर. नेमकं कुठे हे ठाऊक नसल्यामुळे नेमकं उत्तर मिळत नाही, पण दोन टोकं मिळतात: (r^5 − 1)/(r^11 − 1) म्हणजे १५.९ टक्के, आणि (r^5 − 1)/(r^10 − 1) म्हणजे २१ टक्के. खरं उत्तर यांच्यामध्येच असणार. या खेळाचं पहिल्या पावलाचं समीकरण तिन्ही मुळं वापरून पूर्ण सोडवलं तर १९.० टक्के येतं. उडी जितकी लहान असेल तितकी ही टोकं जवळ येतात. वाल्ड यांच्या सर्वसाधारण चाचणीत हीच अडचण भिंत ओलांडून जाण्याची म्हणून येते, आणि ते तिच्याकडे काणाडोळा करून मर्यादा देतात.

विम्याचं गणित इथूनच सुरू होतं. स्वीडनच्या फिलिप लुंडबर्ग यांनी १९०३ च्या आपल्या प्रबंधात विमा कंपनीला जुगाऱ्याच्या जागी बसवलं: हप्ते सतत आत येतात, दावे अवचित आणि वेगवेगळ्या रकमांचे बाहेर जातात, गंगाजळी शून्याखाली गेली की दिवाळं. समोरचा प्रतिस्पर्धी अमर्याद आहे, पण सरासरी कंपनीच्या बाजूने आहे. हॅराल्ड क्रेमर यांनी पुढे या सिद्धांताची घडी बसवली. सुरुवातीची गंगाजळी u असेल तर दिवाळ्याची शक्यता e चा (−Ru) वा घात याहून जास्त नसते, आणि R काढण्यासाठी सोडवायचं समीकरण वरच्याच जातीचं असतं: असा घातांक शोधा की घातात चढवलेल्या रकमेची सरासरी काळाबरोबर हलणार नाही. इथेही शून्य हे एक उत्तर फुकट मिळतं आणि कामाचं असतं ते दुसरं. दावा शून्याच्या किती खाली उडी मारेल हे ठाऊक नसल्यामुळे बरोबरऐवजी ‘याहून जास्त नाही’ असं लिहावं लागतं. आणि फार मोठे दावे पुरेसे दुर्मीळ नसतील, म्हणजे त्यांच्या शक्यता घातांकापेक्षा संथपणे उतरत असतील, जसे पुराचे किंवा भूकंपाचे, तर असा R सापडतच नाही. घातात चढवलेल्या दाव्याची सरासरीच अनंत निघते. तिथे नाण्यांना कोणत्याही किमती लावल्या तरी खेळ न्याय्य होत नाही, आणि दिवाळ्याची शक्यता घातांकाने उतरत नाही, एकाच मोठ्या दाव्याच्या शक्यतेवर अवलंबून संथपणे उतरते.